‘शून्य टक्के’ पीककर्ज खरंच शून्यात पडतं का? एका लाखाचा पूर्ण हिशेब

नंदुरबार : मार्च लागला की गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीच्या ओट्यावर गर्दी सुरू होते. कोणी कापसाची पट्टी घेऊन येतो, कोणी मिरचीचे पैसे व्यापाऱ्याकडून आले नाहीत म्हणून गटसचिवाला चार दिवस थांब म्हणतो. त्याच वेळी पारावर दुसरी चर्चा चालू असते, ‘कर्ज बिनव्याजी आहे, मग घाई कशाला?’ घोळ नेमका इथेच होतो. पीककर्ज बिनव्याजी नसतं. त्याला व्याज लागतं, रोज लागतं. ठरलेल्या तारखेला पूर्ण पैसे भरले तरच ते व्याज सरकार भरतं. तारीख चुकली की तेच व्याज शेतकऱ्याच्या बोकांडी बसतं, आणि तेही कर्ज उचलल्याच्या पहिल्या दिवसापासूनचं.

शहादा, तळोद्याचा कापूस आणि पपईवाला असो, नंदुरबारचा मिरचीवाला असो की नवापूर, अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरातला भात-ज्वारीवाला असो, हिशेब सगळ्यांना एकच लागू होतो. तो एकदा कागदावर मांडून पाहिला की शून्य टक्के कोणाला पडतं, एक टक्का कोणाला आणि चक्क सत्तर टक्के कोणाला, हे दिसून येतं.

व्याज कोण कोण भरतं

केंद्र सरकारच्या योजनेत तीन लाखांपर्यंतचं अल्पमुदत पीककर्ज बँकेने शेतकऱ्याला सात टक्के दराने द्यायचं असतं. एवढ्या कमी दरात बँकेला परवडावं म्हणून केंद्र बँकेला काही टक्के व्याज देतं. आधी हे दोन टक्के होतं, २०२२-२३ पासून दीड टक्का आहे. हा पैसा बँकेचा, त्याच्याशी शेतकऱ्याचा थेट संबंध नाही. शेतकऱ्याचा संबंध आहे तो पुढच्या तीन टक्क्यांशी. वेळेवर परतफेड करणाऱ्याला केंद्र तीन टक्के सवलत देतं. सातातून तीन गेले, चार राहिले. देशभर ‘किसान क्रेडिट कार्डावर चार टक्के’ म्हणतात ते हेच.

महाराष्ट्रात याच्यावर आणखी एक पायरी आहे, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची. पूर्वी राज्याकडून एक लाखापर्यंतच्या कर्जाला तीन टक्के आणि एक ते तीन लाखांच्या कर्जाला एकच टक्का सवलत मिळायची. म्हणजे लाखाच्या आतला शेतकरी शून्यात आणि दीड-दोन लाखवाला दोन टक्क्यांत, असा प्रकार होता. मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंत सरसकट तीन टक्के करण्यात आले.

आता बेरीज-वजाबाकी करून पाहू. सोसायटी आणि जिल्हा बँकेच्या साखळीत शेतकऱ्याला सहा टक्के दर लावला जातो, कारण वरचा एक टक्का राज्य सरकार बँकेला देतं. सहातून केंद्राचे तीन गेले, राज्याचे तीन गेले, राहिलं शून्य. पण एखाद्या बँकेने खात्यावर सात टक्के लावले असतील, तर केंद्र आणि राज्य दोघांची सवलत मिळूनही एक टक्का शेतकऱ्याकडे उरतो. आणि राज्याची सवलत खात्यावर आलीच नाही, तर उरतात चार टक्के. म्हणून ‘शून्य टक्के’ हा शब्द ऐकून घरी जाण्याआधी मंजुरीपत्रावर कोणता दर छापलाय, सहा की सात, एवढं वाचून घ्यायला हवं. धुळे व नंदुरबार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या सोसायटीचा सभासद आणि राष्ट्रीयीकृत बँकेचा खातेदार शेजारी शेजारी शेती करत असले, तरी दोघांचा खातेउतारा सारखा असेलच असं नाही.

एक लाख, २९४ दिवस

समजा, शहादा तालुक्यातल्या एका कापूस उत्पादकाने १० जून २०२४ रोजी सोसायटीतून एक लाख रुपये उचलले. खरिपाच्या कर्जाची मुदत ३१ मार्च २०२५. जूनचे २० दिवस, मग जुलैपासून मार्चअखेरपर्यंत मोजत गेलं की एकूण २९४ दिवस भरतात. व्याज दिवसांवर मोजलं जातं, वर्षावर नाही. एक लाखावर सहा टक्के म्हणजे वर्षाला सहा हजार, त्याचे ३६५ भाग केले तर दिवसाला साडेसोळा रुपयांच्या आसपास. असे २९४ दिवस, म्हणजे ४ हजार ८३३ रुपये व्याज. तीन टक्क्यांचा वाटा याच्या निम्मा, २ हजार ४१६ रुपये आणि काही पैसे. एक वाटा केंद्र देणार, दुसरा राज्य. शेतकऱ्याने ३१ मार्चपर्यंत लाख रुपये भरले की त्याच्या खिशातून व्याज म्हणून काहीच जात नाही.

हाच लाख रुपयांचा व्यवहार सात टक्क्यांच्या खात्यात केला असता तर व्याज ५ हजार ६३८ रुपये झालं असतं. केंद्राची सवलत वजा जाता ३ हजार २२२ उरले असते आणि राज्याचीही सवलत आली असती तर ८०५ रुपये. लाखाला आठशे रुपये काही फार नाहीत, पण ‘शून्य’ म्हणून ऐकलेल्या माणसाला ते फसवणूक वाटते. फसवणूक नसते, सुरुवातीचा दर एक टक्क्याने वेगळा असतो, इतकंच.

आता तोच कापूसवाला थोडा थांबला असं धरू. भाव वाढतील म्हणून त्याने कापूस घरातच ठेवला, ३१ मार्च गेला आणि ३० एप्रिलला पैसे भरले. एक महिनाच उशीर झाला. त्याच्या हिशेबात दंड फार तर पाचशे-सातशे रुपयांचा. पण केंद्राचे तीन टक्के गेले आणि राज्याचेही तीन गेले. म्हणजे २९४ दिवसांचे ४ हजार ८३३ रुपये आता त्याला स्वतः भरायचे आहेत. शिवाय मुदत संपल्यानंतर सवलतीचा दरही राहत नाही, बँकेचा नेहमीचा दर लागतो. तो प्रत्येक बँकेत वेगळा असतो. इथे तो अकरा टक्के धरला तर एप्रिलच्या तीस दिवसांचे ९०४ रुपये होतात. दोन्ही मिळून ५ हजार ७३७ रुपये.

वर्षभराच्या कर्जावर पावणेसहा हजार व्याज म्हटलं की ते फार वाटत नाही. पण बघायचं असं की हे पावणेसहा हजार कशाचे? जून ते मार्च हे पैसे तर फुकट वापरायला मिळणारच होते. त्यामुळे ५ हजार ७३७ रुपये ही फक्त एप्रिलच्या तीस दिवसांची किंमत झाली. लाख रुपये तीस दिवस वापरायला पावणेसहा हजार, म्हणजे वर्षाला जवळपास सत्तर टक्के दर. गावातल्या सावकाराचा शेकडा तीनचा दर वर्षाला छत्तीस टक्के पडतो. उशिराचा पहिला महिना त्याच्याही जवळपास दुप्पट महाग पडला.

कापूस धरून ठेवण्याचा हिशेबही यावरूनच करता येतो. या शेतकऱ्याकडे वीस क्विंटल कापूस असेल, तर ५ हजार ७३७ भागिले वीस म्हणजे क्विंटलमागे २८७ रुपये. मार्चच्या भावापेक्षा एप्रिलमध्ये निदान एवढे जास्त मिळाले तरच थांबून बरोबरी झाली. वजनात घट आली, उंदरांनी खाल्लं, खेतियाच्या बाजाराला न्यायचं भाडं वाढलं, ते वेगळंच. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७ हजार ५२१ रुपये होता, म्हणजे २८७ रुपये हे त्याच्या चार टक्क्यांच्याही खाली. भाव तेवढा वाढूही शकतो, हे खरं आहे. फक्त किती वाढायला हवा ते माहीत करून मग थांबावं. सगळा माल विकायचा नसेल तर कर्जापुरता विकून उरलेला ठेवता येतो.

नवं-जुनं आणि हातउसने

बहुतेक गावांत मार्चमध्ये ‘नवं-जुनं’ चालतं. शेतकरी कुठून तरी लाख रुपये आणतो, जुनं कर्ज भरतो, एप्रिल किंवा मे महिन्यात नवं कर्ज उचलतो आणि उसने आणलेले परत करतो. बाहेरचा माणूस याला नाव ठेवतो, पण वरचा हिशेब पाहिला तर शेतकरी हे उगीच करत नाही हे कळतं. शेकडा तीनने एका महिन्यासाठी लाख रुपये आणले तर तीन हजार लागतात. न आणता थकबाकीत गेला तर ५ हजार ७३७. तीन हजार देऊनही २ हजार ७३७ रुपये वाचले, शिवाय थकबाकीचा शिक्का बसला नाही आणि नवं कर्ज मिळण्याचा रस्ता मोकळा राहिला. भाऊबंदाकडून बिनव्याजी मिळाले तर उत्तमच.

पण हे गणित दिवसांवर उभं आहे. सावकाराचे महिन्याला तीन हजार वाढतात, सोसायटीच्या थकबाकीचे महिन्याला नऊशे. पहिल्या महिन्यात सावकार स्वस्त पडतो, दुसऱ्या महिन्यातही थोडा स्वस्त असतो, सव्वादोन महिन्यांच्या पुढे गेलं की तो महाग होतो. आणि नवं कर्ज कधी हातात पडेल याची खात्री शेतकऱ्याकडे नसते. पीकदर मंजूर व्हायचे असतात, क. म. पत्रक तयार व्हायचं असतं, बँकेकडे पैसा यायचा असतो. एप्रिलमध्ये मिळेल म्हणून धरलेलं कर्ज जूनच्या पेरणीपर्यंत लांबलं की शून्य टक्क्यांच्या कर्जामागे नऊ-दहा हजार रुपये सावकाराला गेलेले असतात, आणि ते सोसायटीच्या कुठल्याही कागदावर दिसत नाहीत. म्हणून उसने आणण्याआधी गटसचिवाला थेट विचारायचं, यंदा आपल्या सोसायटीचं नवं वाटप कधीपासून आहे. त्याने नक्की सांगितलं नाही तर निदान निम्मी रक्कम मालाच्या विक्रीतून उभी करणं बरं. सावकार परवानाधारक असेल तर शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला नऊ टक्के आणि बिनतारणी बारा टक्क्यांपेक्षा जास्त दराने देता येत नाही, असा राज्यात नियम आहे. शेकडा तीन-पाच घेणारा बहुधा परवानाधारक नसतोच, हे सगळ्यांना माहीत आहे.

जिल्ह्यात तारखेची आणखी एक अडचण आहे. मार्चमध्ये होळी येते. सातपुड्यात होळी एका रात्रीची नसते, गावागावांची होळी आणि भोंगऱ्या बाजार धरून दिवस जातात. अनेक कुटुंबं तर त्याआधीपासूनच गुजरातेत ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गेलेली असतात. त्यात बँकेच्या सुट्या. २०२५ मध्ये ३० मार्चला रविवार आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले आणि ३१ मार्चला रमजान ईद. ज्याने ३१ तारीख धरून ठेवली होती त्याच्यासाठी शनिवार २९ हाच खात्रीचा शेवटचा दिवस होता. सोसायटीत रोख दिलेले पैसे जिल्हा बँकेच्या शाखेत भरले जाऊन खात्यावर कोणत्या तारखेला जमा झाले, तेही महत्त्वाचं. पावतीवर आणि खात्यावर तारीख एकच आहे का, ते त्याच वेळी पाहिलेलं चांगलं. २० मार्चच्या आसपास भरलं तर व्याजाचे काही दिवसही कमी होतात.

मुदतीबद्दल एक खुलासा. खरिपाला ३१ मार्च आणि रब्बीला ३० जून अशी सोसायट्यांची साधारण पद्धत आहे. व्यापारी बँकांमध्ये बहुतेक वेळा उचल केल्यापासून वर्षाच्या आत खातं पूर्ण भरायचं असतं. केंद्राची सवलतही जास्तीत जास्त एक वर्षाचीच असते, आणि बँकेने ठरवलेली तारीख वर्षाच्या आधी येत असेल तर तीच तारीख धरली जाते. शेजाऱ्याची तारीख आपली समजायची नाही. गहू-हरभऱ्याचं कर्ज आणि कापसाचं कर्ज एकाच माणसाच्या नावावर असेल तर तारखा दोन असू शकतात.

शून्य असूनही खिशातून जातं ते

आता वेळेवर भरणाऱ्याकडे परत येऊ. सवलत दोन पद्धतीने मिळते. काही ठिकाणी वसुलीच्या वेळी फक्त मुद्दल घेतलं जातं आणि व्याजाचं सोसायटी व बँक सरकारकडून वसूल करून घेतात. काही ठिकाणी शेतकऱ्याकडून आधी मुद्दल आणि व्याज दोन्ही घेतात आणि सवलतीची रक्कम नंतर त्याच्या बचत खात्यावर येते. ही दुसरी पद्धत असेल तर वरच्या शेतकऱ्याला ३१ मार्चला लाख नव्हे, १ लाख ४ हजार ८३३ रुपये भरावे लागतात. ‘मुद्दलच भरायचं आहे’ म्हणून लाखच घेऊन गेलेला माणूस इथे अडकतो. व्याजाचे पावणेपाच-पाच हजार कमी पडले आणि तेवढ्यावरून खातं पूर्ण भरलेलं धरलं गेलं नाही, तर सवलत लाखावरची जाते. अर्धवट परतफेडीला अर्धी सवलत असा प्रकार नाही. म्हणून आठवडाभर आधी नक्की किती भरायचं, तो आकडा पैशांसकट लिहून घ्यावा. विम्याचा हप्ता किंवा एखादा किरकोळ खर्च खात्याला नावे पडलेला असतो आणि दोन-चारशे रुपयांची बाकी राहून जाते.

आधी भरलेलं व्याज नंतर मिळतं, पण कधी मिळतं? केंद्राचा वाटा वेगळ्या वेळी येतो, राज्याचा वेगळ्या. या शेतकऱ्याने व्याजाचे ४ हजार ८३३ रुपये कृषी केंद्रवाल्याकडून शेकडा दोनने घेतले आणि परतावा आठ महिन्यांनी आला असं धरलं, तर त्याचे ७७३ रुपये त्यात गेले. एक लाखावर २९४ दिवसांसाठी ७७३ म्हणजे वर्षाला जवळपास एक टक्का. सरकारी कागदावर शून्य, शेतकऱ्याच्या हिशेबात एक. परतावा आलाच नाही तर पूर्ण सहा.

आधार क्रमांक हाही परताव्याचाच भाग आहे. व्याज सवलतीचा दावा आधारवर होतो. कर्ज खात्यावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात फरक असेल तर दावा अडकतो. आदिवासी भागात नावाच्या स्पेलिंगचा आणि वडिलांच्या नावाचा घोळ नवा नाही. तो कर्ज घेतानाच दुरुस्त करून घेतला तर सोपं जातं. मार्चनंतर सगळ्यांची यादी वर गेलेली असते.

उचलीच्या दिवशी हातात कमी पैसे का पडले, हाही नेहमीचा प्रश्न. सोसायटी शेअर्सची रक्कम कापते. ती खर्च नाही, सभासदाच्या नावावर राहते, पण पूर्ण कर्जावर व्याज चालू होतं आणि वापरायला मिळते कमी रक्कम. पीकविम्याचा हप्ता कापला असेल तर ती विम्याची किंमत आहे, व्याजात धरायची नाही. कर्जदारालाही विमा २०२० पासून ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीआधी बँकेला तसं लेखी द्यावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातो. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचं शुल्क, पाहणी शुल्क लावू नये अशी सूचना २०१९ पासून आहे. तरीही उताऱ्यावर असा आकडा दिसला तर तो कशाचा, हे विचारायचा हक्क आहे. आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. आधी ही मर्यादा एक लाख साठ हजारांची होती.

केळी, पपई आणि उसाच्या शेतकऱ्यांचं कर्ज तीन लाखांच्या वर जातं. सवलत तीन लाखांपर्यंतच. चार लाख घेतले तर वरच्या एका लाखाला नेहमीचा दर. तो अकरा टक्के धरला तर चार लाखांवर सरासरी पावणेतीन टक्के पडले. तीन लाखांची मर्यादा माणशी आहे, बँकेगणिक नाही. सोसायटीत दोन लाख आणि दुसऱ्या बँकेत दोन लाख घेतले म्हणून चारही लाखांना सवलत मिळत नाही. ही मर्यादा पाच लाखांची करण्याचं फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालं होतं. पण आपल्या खात्यावर काय लागू आहे ते शाखेतून लेखी घेतल्याशिवाय पाच लाखांचा भरवसा धरून कर्ज वाढवू नये.

माफीची वाट पाहणाऱ्याचा हिशेब

वेळेवर न भरण्यामागे दरवेळी पैशांची तंगीच असते असं नाही. माफी येणार म्हणून हातात पैसे असूनही न भरणारे गावोगावी आहेत आणि त्यांना मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ झालं आणि २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतचं. नियमित भरणाऱ्याला पहिल्या वेळी जास्तीत जास्त पंचवीस हजार आणि दुसऱ्या वेळी पन्नास हजारांपर्यंत मिळाले, तेही दुसऱ्या वेळचे २०२२ चा आदेश निघाल्यानंतर. थकबाकीदाराला दोन लाख आणि वेळेवर भरणाऱ्याला पन्नास हजार, हे पाहून शेतकऱ्याने धडा घेतला तर दोष त्याचा एकट्याचा कसा?

पण दोन्ही माफ्यांचा बारकावा तारखेत होता. २०१७ ला ३० जून २०१६ रोजी जे थकीत होते त्यांना माफी मिळाली आणि २०१९ ला ३० सप्टेंबर २०१९ रोजी जे थकीत होते त्यांना. माफी जाहीर झाल्यावर कोणी ठरवून थकीत झाला, त्याच्या हाती काही लागलं नाही. तारीख नेहमी मागची धरली जाते आणि ती आधी कोणाला कळत नाही. वाट पाहण्याची किंमत मात्र आधी कळते. वरच्या शेतकऱ्याला लाखामागे पहिल्या वर्षी ४ हजार ८३३ आणि पुढे अकरा टक्क्यांनी दरसाल अकरा हजार. त्याशिवाय दरवर्षी हुकणारं शून्य टक्क्यांचं नवं कर्ज, ज्याच्या जागी खत-बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर घ्यावं लागतं. सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेऊ शकते, आणि सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो. अल्पभूधारकाला एक संरक्षण आहे. अल्पमुदत कर्जावर लावलेलं एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असा बँकांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तडजोडीला बसताना हा नियम लक्षात ठेवावा.

पीक खरंच बुडालं असेल तर गोष्ट वेगळी. गारपीट, अवकाळी किंवा दुष्काळात शासनाने आपत्ती जाहीर केली आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल, तर कर्जाचं पुनर्गठन करून मागता येतं. मग थकबाकीचा शिक्का बसत नाही आणि नवं पीककर्जही मिळू शकतं. पण पुनर्गठित रकमेला सवलतीचा दर साधारण पहिल्या वर्षापुरताच असतो, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर. ‘पुनर्गठन केलं’ म्हणजे ‘व्याज थांबलं’ असं समजून अनेक जण तीन वर्षं खात्याकडे बघत नाहीत आणि नंतर आकडा पाहून हबकतात.

स्वतःचा दर कसा काढायचा

यासाठी शाखेतून किंवा सोसायटीतून कर्ज खात्याचा पूर्ण उतारा मागायचा, नुसती बाकी नाही. त्यावर उचलीची तारीख, परतफेडीची तारीख, व्याज म्हणून नावे टाकलेली रक्कम आणि व्याज सवलत म्हणून जमा झालेली रक्कम या चार गोष्टी शोधायच्या. सवलत बचत खात्यावर आली असेल तर ते पासबुकही भरून घ्यायचं. मग भरलेलं व्याज आणि उसनवारीचा खर्च यांची बेरीज करायची, त्यातून परत मिळालेली रक्कम वजा करायची. जे उरेल त्याला मुद्दलाने भागायचं, वापरलेल्या दिवसांनी भागायचं, ३६५ ने आणि १०० ने गुणायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. ७७३ भागिले १,००,०००, भागिले २९४, गुणिले ३६५, गुणिले १००, उत्तर ०.९६.

वेळेवर भरूनही उत्तर चारच्या पुढे आलं, तर बहुधा केंद्राचे किंवा राज्याचे तीन टक्के कुठेतरी राहिले आहेत. ते बरोबर चार आलं तर राज्याचे राहिले असण्याची शक्यता जास्त. सोसायटीच्या सभासदाने आधी गटसचिव आणि जिल्हा बँकेच्या शाखेत, मग तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. व्यापारी बँकेच्या खातेदाराने शाखेत अर्ज देऊन पोच घ्यायची, मग जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे जायचं, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. अर्जाला उताऱ्याची प्रत आणि पैसे भरल्याची पावती जोडायची. पावतीवरची तारीख मुदतीच्या आतली असेल तर बाकीचं भांडण सोपं आहे.